वाटपानंतर बँक शिल्लक जुळत नाही: प्रमाणशीर वाटप, थकीत मागणी आणि आगाऊ मागणी यांतल्या चुका शोधायच्या कशा

परवा एका विद्यार्थिनीची वही तपासायला आली. अर्ज, परतावा, वाटप इथपर्यंतच्या नोंदी सुवाच्य अक्षरात केलेल्या होत्या. वाटपाचे पैसे आल्यावर बँकेत १,२०,८०० रुपये शिल्लक आहेत असं तिने काढलं होतं. उत्तर होतं १,२१,४००. फरकाच्या ६०० या आकड्याभोवती तिने लाल पेनाने गोल काढला होता आणि तो इतक्या वेळा गिरवला होता की मागच्या पानावर खळगा उमटला होता. खाली लिहिलं होतं, 'तीनदा केलं, तरी हेच येतंय.'

हेच उत्तर तीनदा येणार, कारण बेरजेत चूक नाही. एक रक्कम दोनदा वजा झाली आहे आणि ती चूक पद्धतीत असल्यामुळे गणित कितीदाही केलं तरी तशीच राहते. भागांचा धडा मी बरीच वर्षं शिकवते आहे. प्रमाणशीर वाटपाच्या गणितात बहुतेक सगळे याच जागी अडतात. एक चांगली गोष्ट मात्र आहे. शिल्लक किती रुपयांनी चुकली आणि कुठल्या बाजूला चुकली, एवढं पाहिलं की चूक कुठे झाली ते बहुतेक वेळा कळतं.

शब्दांचं आधी ठरवून घेऊ. प्रो-राटाला मी प्रमाणशीर वाटप म्हणते, कॉलला मागणी, कॉल्स इन अरिअर्सला थकीत मागणी आणि कॉल्स इन अ‍ॅडव्हान्सला आगाऊ मागणी. तुमच्या पुस्तकात हप्ता असा शब्द असेल तर तोच वापरा. फक्त एका गणितात एकाच खात्याला दोन नावं देऊ नका, कारण मग खतावणीत दोन खाती उघडली जातात.

गणित

एका कंपनीने १० रुपयांचे २०,००० भाग दर्शनी किमतीला विक्रीला काढले. अर्जाबरोबर ३ रुपये, वाटपावर ३, पहिल्या मागणीवर २ आणि अंतिम मागणीवर २ असे पैसे द्यायचे होते. ५ मे २०२५ पर्यंत ३६,००० भागांसाठी अर्ज आले. २० मे रोजी संचालक मंडळाने ६,००० भागांचे अर्ज नाकारून पैसे परत केले. उरलेल्या ३०,००० भागांच्या अर्जदारांना २०,००० भाग प्रमाणशीर वाटले आणि अर्जाबरोबर आलेली जास्तीची रक्कम वाटपाच्या रकमेत वळती केली. वाटपाचे पैसे १० जूनपर्यंत, पहिल्या मागणीचे १० सप्टेंबरपर्यंत आणि अंतिम मागणीचे १० डिसेंबरपर्यंत भरायचे होते.

'अ' या भागधारकाला ४०० भाग मिळाले. त्याने वाटपाचे आणि पहिल्या मागणीचे पैसे वेळेवर भरले नाहीत. १० डिसेंबरला त्याने अंतिम मागणीबरोबर सगळी थकबाकी व्याजासह भरली. 'ब' ला ५०० भाग मिळाले. त्याने १० जूनला वाटपाच्या पैशांबरोबर दोन्ही मागण्यांचे पैसेही आगाऊ भरले. बाकी सर्वांनी वेळेवर पैसे भरले.

आधी ताळा, मग शोध

चूक शोधायला बसण्याआधी उत्तर काय यायला हवं ते दुसऱ्या वाटेने काढून ठेवा. प्रत्येक टप्प्याची मुदत संपली की बँकेत असायला हवी ती रक्कम अशी निघते: तोपर्यंत मागविलेलं भांडवल, वजा थकीत मागणी, अधिक आगाऊ मागणी. व्याज आणि खर्च सध्या बाजूला ठेवा.

१० जूनचा ताळा करून पाहू. तोपर्यंत प्रत्येक भागावर ६ रुपये मागविले आहेत, म्हणजे १,२०,०००. 'अ'ची थकबाकी ६०० आहे, ती का ते पुढे पाहू. 'ब'चे आगाऊ पैसे २,०००. म्हणून १,२०,००० वजा ६०० अधिक २,०००, म्हणजे १,२१,४००. या ताळ्यात एकूण अर्जांची संख्या, परतावा किंवा वळती केलेली एकूण रक्कम यांतलं काहीच थेट येत नाही. त्यामुळे त्या आकडेमोडीत झालेली चूक ताळ्यात शिरत नाही. फक्त 'अ'ची थकबाकी बरोबर काढलेली हवी, कारण ती चुकली तर ताळाही तितकाच चुकतो.

ताळा मुदत संपल्यावरच करायचा. ११ ऑगस्टला पहिल्या मागणीचा ठराव झाला तर भांडवल त्या दिवशी वाढतं, पण पैसे १० सप्टेंबरपर्यंत यायचे असतात. मधल्या दिवसांत ताळा जुळणार नाही आणि तो न जुळणं चूक नाही.

६०० रुपये कमी: 'अ'ची थकबाकी

आता त्या विद्यार्थिनीकडे वळू. तिने 'अ'ची थकबाकी ४०० भाग गुणिले ३ रुपये, म्हणजे १,२०० धरली. ते सरळ वाटतं, पण 'अ'ने किती भागांसाठी अर्ज केला होता हे तिने विचारलंच नाही.

३०,००० भागांच्या अर्जांना २०,००० भाग मिळाले, म्हणजे प्रत्येक ३ भागांच्या अर्जाला २ भाग. 'अ'ला ४०० मिळाले, तर त्याने ४०० गुणिले ३ भागिले २, म्हणजे ६०० भागांसाठी अर्ज केला होता. त्याने अर्जाबरोबर ६०० गुणिले ३, म्हणजे १,८०० रुपये भरले. मिळालेल्या ४०० भागांवर अर्जाचे पैसे होतात १,२००. उरलेले ६०० रुपये कंपनीकडे आधीपासूनच आहेत आणि ते त्याच्या वाटपाच्या रकमेत वळते झाले. वाटपावर त्याने द्यायचे होते १,२००, त्यांतले ६०० येऊन पडले आहेत. म्हणून थकबाकी ६०० उरते.

१,२०० धरल्याने नेमकं काय बिघडतं ते नीट पाहायला हवं. वाटपाची एकूण रक्कम ६०,०००. त्यातून सर्व अर्जदारांची जास्तीची रक्कम वजा केली: १०,००० जादा भाग गुणिले ३ रुपये, म्हणजे ३०,०००. या ३०,००० मध्ये 'अ'चे ६०० आहेतच. त्यानंतर 'अ'च्या नावाने १,२०० वजा केले की त्याचे ६०० दुसऱ्यांदा वजा होतात. एकदा सगळ्यांबरोबर, एकदा एकट्याचे. लाल गोलातला आकडा हाच होता.

बरोबर हिशेब असा: ६०,००० वजा ३०,००० वजा ६००, म्हणजे वाटपावर रोख आले २९,४००. तपासायचं असेल तर थकबाकीदाराला बाजूलाच ठेवा आणि ज्यांनी पैसे भरले त्यांच्याकडूनच मोजा. असे भाग १९,६००. प्रत्येक मिळालेल्या भागामागे अर्धा भाग जादा मागितला होता, म्हणजे प्रत्येक भागामागे दीड रुपया आधीच आला आहे. वाटपावर उरला दीड रुपया. १९,६०० गुणिले १.५० पुन्हा २९,४००. परीक्षेत वेळ कमी असेल तेव्हा मी हीच वाट सुचवते, कारण हिच्यात दोनदा वजा करायला जागाच नाही.

फरक कुठल्या बाजूचा आहे हे आता महत्त्वाचं ठरतं. शिल्लक ६०० ने कमी आली तर 'अ'ची जास्तीची रक्कम दोनदा वजा झाली. ती ६०० ने जास्त, म्हणजे १,२२,००० आली, तर थकबाकी वजा करायचीच राहून गेली. आकडा एकच, पण दोन वेगवेगळ्या चुका.

गुणोत्तर उलटं लावण्याची चूक तर लगेच ओळखू येते. ४०० ला दोन भागिले तीनने गुणलं की अर्ज केलेले भाग येतात २६६.६७. भागाचा तुकडा दिसला की तिथेच थांबा. आणि समजा पूर्ण आकडा आला, तरी अर्ज केलेले भाग मिळालेल्या भागांपेक्षा कमी असूच शकत नाहीत, इथे तर जास्त अर्ज आल्यामुळेच कपात झाली आहे.

आणखी एक घसरण पुढच्या मागणीवर होते. अर्ज केलेले ६०० भाग एकदा काढले की तो आकडा डोक्यात बसतो आणि पहिल्या मागणीची थकबाकी ६०० गुणिले २ अशी लिहिली जाते. मागणी मिळालेल्या भागांवर होते. 'अ'ची पहिल्या मागणीची थकबाकी ४०० गुणिले २, म्हणजे ८००. अर्ज केलेल्या भागांचं काम वाटपाच्या हिशेबात संपतं. पुढे ते फक्त एकाच ठिकाणी लागतं: 'अ'चे भाग वाटपानंतर जप्त केले असते, तर भाग जप्ती खात्यावर १,८०० रुपये जमा गेले असते. त्याने प्रत्यक्षात भरलेले पैसे तेवढे आहेत, १,२०० नाहीत. थकबाकीत चुकलेला माणूस जप्तीत हमखास चुकतो, म्हणून मी जप्तीचं गणित यानंतरच देते.

३०,००० किंवा १८,००० जास्त: रोख पुस्तकात चुकलेले पैसे

शिल्लक १,५१,४०० आली असेल, म्हणजे नेमकी ३०,००० ने जास्त, तर वळती केलेली रक्कम रोख पुस्तकात मिळालेल्या पैशांत लिहिली गेली आहे. वाटपाची रक्कम 'मिळाली' असं मनात असतं, म्हणून हात आपोआप रोख पुस्तकाकडे जातो. पण ते ३०,००० बँकेत ५ मे पर्यंतच येऊन पडले होते, १,०८,००० च्या आत. २० मे रोजी या रकमेपुरतं बँकेत काहीच हललं नाही. ती रक्कम फक्त भाग अर्ज खात्यातून भाग वाटप खात्यात गेली. तिची नोंद रोजकीर्दीतच व्हायला हवी.

शिल्लक १८,००० ने जास्त आली तर नाकारलेल्या अर्जांचा परतावा राहिला. हा मात्र खरोखर बँकेतून गेलेला पैसा आहे, म्हणून तो रोख पुस्तकाच्या शोधनाच्या बाजूला जातो.

एक विचारण्यासारखी गोष्ट मुलं विचारतात: 'आमच्या घरी आयपीओचा अर्ज केला तेव्हा पैसे परत आले असं काही दिसलं नाही.' बरोबर आहे. जानेवारी २०१६ पासून सार्वजनिक विक्रीत अर्जाचे पैसे अर्जदाराच्याच खात्यात अडवून ठेवण्याची पद्धत सर्वांना बंधनकारक झाली. भाग मिळाले तेवढेच पैसे खात्यातून जातात, बाकीची अडवणूक सुटते. आपल्या गणितातली कंपनी मात्र पैसे आधी घेते आणि नंतर हिशेब लावते. टप्प्याटप्प्याने पैसे मागायची रीत अजून पूर्ण गेलेली नाही. रिलायन्सच्या २०२० मधल्या हक्क भाग विक्रीत किंमत १,२५७ रुपये होती. त्यातले ३१४.२५ अर्जाबरोबर आणि उरलेले २०२१ मध्ये दोन मागण्यांत घेतले गेले.

रोख पुस्तक आणि रोजकीर्द: कुठली नोंद कुठे

प्रश्नात 'रोख पुस्तक आणि रोजकीर्द नोंदी द्या' असं असेल तर प्रत्येक व्यवहार एकाच ठिकाणी येतो. बँकेत पैसा आला किंवा गेला तर रोख पुस्तक, नाहीतर रोजकीर्द. कित्येक वह्यांत बँकेच्या नोंदी दोन्हीकडे असतात. मग खतावणीत भाग अर्ज खात्याला १,०८,००० दोनदा जमा होतात आणि ते खातं कधीच बंद होत नाही. रोजकीर्दीत कुठेही 'बँक खाते' हा शब्द दिसला तर ती नोंद तिथे नको आहे, एवढं पाहिलं तरी पुरतं.

रोजकीर्द अशी होते. प्रत्येक नोंदीखाली एका ओळीचं स्पष्टीकरण लिहायचं असतं, इथे मी ते कारणापुरतं दिलं आहे.

२० मे
भाग अर्ज खाते नावे ९०,०००
　भाग भांडवल खात्याला जमा ६०,०००
　भाग वाटप खात्याला जमा ३०,०००
(२०,००० भागांचे अर्जाचे पैसे भांडवलात, १०,००० जादा भागांचे वाटपात.)

२० मे
भाग वाटप खाते नावे ६०,०००
　भाग भांडवल खात्याला जमा ६०,०००
(२०,००० भागांवर ३ रुपये वाटपाची रक्कम देय.)

१० जून
थकीत मागणी खाते नावे ६००
　भाग वाटप खात्याला जमा ६००
('अ'ने ४०० भागांवरील उरलेली वाटपाची रक्कम भरली नाही.)

११ ऑगस्ट
भाग पहिली मागणी खाते नावे ४०,०००
　भाग भांडवल खात्याला जमा ४०,०००

१० सप्टेंबर
आगाऊ मागणी खाते नावे १,०००
　भाग पहिली मागणी खात्याला जमा १,०००
('ब'च्या ५०० भागांचे आगाऊ पैसे वळते.)

१० सप्टेंबर
थकीत मागणी खाते नावे ८००
　भाग पहिली मागणी खात्याला जमा ८००

१० नोव्हेंबर
भाग अंतिम मागणी खाते नावे ४०,०००
　भाग भांडवल खात्याला जमा ४०,०००

१० डिसेंबर
आगाऊ मागणी खाते नावे १,०००
　भाग अंतिम मागणी खात्याला जमा १,०००

आणि रोख पुस्तक, फक्त बँक रकान्याचं:

| तारीख | नावे (मिळालेले) | रु. | तारीख | जमा (दिलेले) | रु. |
|---|---|---|---|---|---|
| ५ मे | भाग अर्ज खाते | १,०८,००० | २० मे | भाग अर्ज खाते (परतावा) | १८,००० |
| १० जून | भाग वाटप खाते | २९,४०० | १० डिसें. | आगाऊ मागणीवरील व्याज खाते | ९० |
| १० जून | आगाऊ मागणी खाते | २,००० | १० डिसें. | शिल्लक पुढे नेली | १,९९,९६० |
| १० सप्टें. | भाग पहिली मागणी खाते | ३८,२०० | | | |
| १० डिसें. | भाग अंतिम मागणी खाते | ३९,००० | | | |
| १० डिसें. | थकीत मागणी खाते | १,४०० | | | |
| १० डिसें. | थकीत मागणीवरील व्याज खाते | ५० | | | |
| | एकूण | २,१८,०५० | | एकूण | २,१८,०५० |

१० जूनला बँकेत एकदम ३१,४०० रुपये आले, तरी मी ते दोन ओळींत लिहिले आहेत. 'ब'चे २,००० भाग वाटप खात्यावर जमा केले तर त्या खात्यात २,००० जमा शिल्लक राहते. बँक बरोबर येते, ताळाही जुळतो, पण खातं बंद होत नाही. बँक जुळली की मुलं पुढे जातात, म्हणून ही चूक सगळ्यात जास्त दिवस लपते. प्रत्येक टप्प्यानंतर भाग अर्ज, वाटप आणि मागणी या खात्यांची शिल्लक शून्य आहे ना, हे बँकेइतकंच आवर्जून पाहा.

तसं भाग वाटप खातं पाहू. नावे बाजूला ६०,०००. जमेला भाग अर्ज खात्यातून ३०,०००, बँकेतून २९,४००, थकीत मागणीतून ६००. एकूण ६०,०००, खातं बंद. पहिल्या मागणीचं खातं: नावे ४०,०००, जमेला बँक ३८,२००, आगाऊ १,०००, थकीत ८००. बंद.

थकीत मागणीचं खातं अर्धवट उघडलं तर

काही पुस्तकं थकीत मागणीचं वेगळं खातं उघडतात, काही उघडत नाहीत आणि थकबाकी भाग वाटप खात्यातच नावे शिल्लक म्हणून ठेवतात. दोन्ही रीती चालतात. गोंधळ होतो तो दोन्ही एकत्र केल्यावर. जूनमध्ये खातं उघडून ६०० त्याच्या नावे टाकायचे आणि डिसेंबरमध्ये 'अ'ने पैसे भरले की ते भाग वाटप खात्यावर जमा करायचे, असं झालं की थकीत मागणीत ६०० नावे आणि भाग वाटपात ६०० जमा असे दोन आकडे कायमचे राहतात. तेरीज जुळते, कारण दोन्ही बाजू सारख्याच चुकल्या आहेत. म्हणून 'अ'ने सगळे पैसे भरल्यावरही खतावणीत थकीत मागणी दिसली, तर ही चूक आहे असं समजा. खातं एकदा उघडलं की पैसे त्याच खात्यावर जमा करायचे, म्हणूनच वरच्या रोख पुस्तकात डिसेंबरचे १,४०० त्या खात्यावर आहेत.

सप्टेंबरअखेरचा ताळेबंद मागितला तर

वर्षअखेर मधेच आली की आगाऊ मागणी भांडवलात मिळवायची चूक सर्रास होते. ३० सप्टेंबरला प्रत्येक भागावर ८ रुपये मागविले आहेत, म्हणजे १,६०,०००. त्यातून थकीत १,४०० वजा होऊन भांडवल दिसतं १,५८,६००. 'ब'चे उरलेले १,००० रुपये भांडवलात मिळवायचे नाहीत. ते कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या परिशिष्टाप्रमाणे चालू देयतांमध्ये, इतर चालू देयता या शीर्षाखाली येतात. जे पैसे कंपनीने अजून मागितलेच नाहीत ते भांडवल कसे होतील? कायद्यातही हाच विचार आहे. कलम ५० प्रमाणे नियमावलीत तशी तरतूद असेल तर कंपनी आगाऊ पैसे घेऊ शकते, पण मागणी होईपर्यंत त्या पैशांवर मताचा हक्क मिळत नाही. नमुना नियमावली, म्हणजे तक्ता एफ, त्यावर लाभांशही देत नाही.

१,५८,६०० अधिक १,००० म्हणजे १,५९,६००. रोख पुस्तकात त्या तारखेला नेमकी तेवढीच शिल्लक येते: १,२१,४०० अधिक ३८,२००.

जास्तीची रक्कम वाटपातही मावली नाही तर

आपल्या गणितात ही वेळ येत नाही, पण येते तेव्हा सगळे थबकतात. समजा एखाद्या गटाला ३ भागांच्या अर्जाला एकच भाग मिळाला. एका भागामागे ९ रुपये आले, अर्जाचे लागले ३, जास्तीचे उरले ६. वाटपावर हवेत फक्त ३. उरलेले ३ रुपये अर्जाच्या अटींप्रमाणे परत करायचे किंवा नियमावली परवानगी देत असेल तर आगाऊ मागणीत टाकायचे. इतकंच लक्षात ठेवा की अशा गटातला भागधारक वाटपावर थकबाकीदार असूच शकत नाही. त्याची वाटपाची थकबाकी निघाली असेल तर गटच चुकीचा निवडला गेला आहे.

शेवटी ४० रुपये कमी

१० डिसेंबरला सगळे पैसे आले. २०,००० भाग गुणिले १० रुपये, म्हणजे बँकेत २,००,००० हवेत. आपल्या पुस्तकात शिल्लक आहे १,९९,९६०. इथे वह्या पुन्हा लाल होतात. पण हे ४० रुपये व्याजाचे आहेत, आणि ताळा करताना व्याज आपण बाजूला ठेवलं होतं.

थकीत मागणीवर तक्ता एफ प्रमाणे दर साल जास्तीत जास्त १० टक्के व्याज घेता येतं, आगाऊ मागणीवर जास्तीत जास्त १२ टक्के देता येतं, सर्वसाधारण सभेने वेगळं ठरवलं नाही तर. कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीत वेगळे दर असतील तर ते लागतात. आणि थकीत व्याज माफ करायचा अधिकार संचालक मंडळाला आहे, म्हणून प्रश्नात व्याजाचा उल्लेख आहे का ते आधी पाहा.

'अ'चं व्याज दोन तुकड्यांत मोजायचं. वाटपाचे ६०० रुपये १० जूनपासून १० डिसेंबरपर्यंत, सहा महिने: ३० रुपये. पहिल्या मागणीचे ८०० रुपये १० सप्टेंबरपासून तीन महिने: २० रुपये. एकूण ५०, ते कंपनीला मिळाले. व्याज पैसे भरायच्या मुदतीपासून धावतं, ठरावाच्या तारखेपासून नाही. ठराव ११ ऑगस्टचा म्हणून ऑगस्टपासून मोजलं तर महिनाभराचं व्याज फुकट वाढतं.

'ब'चं उलट. त्याचे पैसे १० जूनला आले. पहिल्या मागणीचे १,००० रुपये १० सप्टेंबरला देय झाले, म्हणजे तीन महिने: ३० रुपये. अंतिम मागणीचे १,००० रुपये १० डिसेंबरपर्यंत, सहा महिने: ६० रुपये. एकूण ९०. २,००० रुपयांवर सहा महिन्यांचं व्याज १२० येतं, आणि कित्येक जण तेच लिहितात. पण त्यातले १,००० सप्टेंबरमध्येच भांडवलात गेले, त्यानंतर ते आगाऊ राहिलेच नाहीत.

५० आले, ९० गेले, बँकेत ४० कमी. ही ४० ची एकच नोंद करू नका. मिळालेलं व्याज उत्पन्न आहे, दिलेलं व्याज खर्च आहे, माणसंही दोन वेगळी आहेत. नफातोटा पत्रकात ५० एका बाजूला आणि ९० दुसऱ्या बाजूला दिसायला हवेत. ४० ची एकच नोंद का नको, असं त्या विद्यार्थिनीने वही परत नेताना विचारलं होतं. मी तिच्याच लाल पेनाने ५० आणि ९० यांना वेगवेगळे गोल काढून दिले.